मित्राचे वडील गेलेत, ग्रुपवर नेमकं काय लिहायचं?

उद्यमनगरी
मंडळी जरा घाईत विचारतोय, सांभाळून घ्या. आमचा पॉलिटेक्निकच्या पोरांचा ग्रुप आहे, चौदा जण, सगळे एकमेकाच्या घरात जेवून मोठे झालेले. काल रात्री दीडच्या पुढं अभ्यानं (नाव बदललंय) ग्रुपवर एकच ओळ टाकली, "आबा गेले". हॉस्पिटलात होते दोन-तीन दिवस, पण असं होईल वाटलं नव्हतं कुणाला. सकाळी मी बघतोय तर खाली ओळीनं भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात, एकानं पणती हलणारं काहीतरी टाकलंय, आणि मधेच एकाचा रोजचा सुप्रभात आलाय, गुलाबाच्या फुलासकट. त्यानं तो डिलीट केला पण "हा मेसेज डिलीट केला" असं लिहून तिथंच बसलंय ते.

मी चिंचवडला असतोय. माती सकाळी नऊलाच झाली, पोचणं शक्यच नव्हतं. शुक्रवारी रक्षेला येणार हे नक्की. पण तोवर काहीतरी लिहायला पाहिजे ना. मी हे लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही:

"आदरणीय आबांच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून मन सुन्न झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व कुटुंबियांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो."

वाचलं की वाटतंय हे कुणाच्याही वडलांना चालेल. आणि आबा म्हणजे आम्हाला लेथवर पहिल्यांदा हात लावू देणारा माणूस हो. काय करू?

पिंट्या_गारगोटी
भावा आता काही लिहू नको. सुतक असतंय तेरा दिवस, त्यात मेसेज, फोन काही करायचं नसतंय, त्यांना बोलावं पण लागत नाही कुणाशी. तेराव्याला जा, तेव्हा काय ते बोल.

डी_के_सर
नमस्कार. मजकूर देताना नाव, वय, गाव आणि परिवार हा क्रम सांभाळावा. उदा. "येथील ज्येष्ठ उद्योजक श्री. अमुक (वय ७१) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमी येथे आहे." फोटो सोबत द्यावा, टोपी असलेला असल्यास उत्तम. सुनेचा उल्लेख राहिला की पुढे घरात बोलणी बसतात, तेवढे बघावे.

उद्यमनगरी
सर, पेपरला नाही द्यायचं, मित्राला मेसेज करायचाय.

मंडळाचा_बापू
पिंट्याराव, सुतक घरच्यांना असतंय, मित्रांना नाही. त्यांनी देवळात जायचं नाही, घरात गोडधोड नाही, ते बरोबर. पण माणसांनी जायचं नाही, बोलायचं नाही असं कुठं आहे? उलट आपल्याकडं पहिले तीन दिवस घरात माणूस मावत नाही. काही घरात वार बघतात भेटायला जाताना, तेवढं त्यांच्याच कुणाला विचारून घ्यावं. तेराव्यापर्यंत गप्प बसला तर पोरगं म्हणणार, कुठं गेले होते सगळे.

आता उद्यमनगरी, तुझ्यासाठी. मंगळवार पेठेत आमच्या तालमीची पोरं अशा वेळेला धावाधाव करतात, मी पण असतोय, त्यामुळं हे लै वेळा बघितलंय. ग्रुपवर सगळा घोळ होतो तो एकाच कारणानं, दोन वेगळी कामं एकाच मेसेजमध्ये कोंबली जातात. एक म्हणजे खबर: कधी नेणार, कुठनं निघणार, रक्षा किती वाजता, कुणी काय आणायचं. दुसरं म्हणजे पोराशी बोलणं. खबर त्याच्यासाठी नसतेच मर्दा, त्याला माहितीच आहे. ती बाकीच्या तेरा जणांसाठी. म्हणून पहिलं काम हे कर, अभ्याला सोडून तेरा जणांचा दुसरा ग्रुप काढ, आत्ताच्या आत्ता. गाडी कुणाची, कोण कुठं थांबणार, डबा कोण देणार, "नक्की काय झालं होतं रे", "खर्च किती आला" हे सगळं तिकडं. नाहीतर तो रात्री फोन उघडणार आणि आपल्याच बापाच्या रक्षेला तीन गाड्या का चार यावर चाळीस मेसेज वाचणार.

खबर देताना दोन गोष्टी बघायच्या. घरातल्या कुणीतरी एकानं सांगितलेली वेळच टाकायची, "बहुतेक नऊला" असलं काही नाही. आणि लांब राहणारं जवळचं माणूस, म्हणजे लेक, भाऊ, त्यांना घरनं कळलंय का हे विचारूनच बाहेर टाकायचं. आमच्या गल्लीत एका लेकीला बाप गेल्याचं स्टेटसवरनं कळलं, मुंबईत लोकलमध्ये होती. स्टेटस ठेवणारा भाच्याचा मित्र. त्याला काय, त्यानं चांगल्या भावनेनंच ठेवलं होतं.

सीमा_इचलकरंजी
माझी आई मागच्या वर्षी गेली म्हणून लिहितेय, विषय सोडून वाटलं तर सोडून द्या. मला दोनशेच्या वर मेसेज आले असतील. पहिले तीन दिवस फोन भावाच्या बायकोकडं होता, मी काहीच बघितलं नाही. नंतर रात्री झोप येत नव्हती तेव्हा एकेक वाचत बसले. श्रद्धांजलीवाले सगळे अंगठ्यानं वर सरकले, राग नाही कुणाचा, खरंच नाही, लोकांना सुचत नाही. पण शाळेतल्या एका मैत्रिणीनं लिहिलं होतं, "काकू मला डब्यात दोन भाकऱ्या जास्त द्यायच्या आणि म्हणायच्या एक तुझ्या बाकावरच्या मुलीला दे". ही गोष्ट मला माहितीच नव्हती. म्हणजे आई गेल्यावर मला आईबद्दल एक नवीन गोष्ट कळली. तो मेसेज मी भावाला दाखवला, बाबांना वाचून दाखवला, अजून ठेवलाय.

दुसरं, ज्या मेसेजच्या शेवटी प्रश्न होता त्याचा त्रास झाला. "कसं झालं गं?", "शेवटी काही बोलल्या का?", "फोन कर मोकळी झालीस की". प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं ना. एकीनं लिहिलं होतं उत्तर देऊ नकोस, नुसतं वाच. इतकं हलकं वाटलं.

आणि प्लीज "आता तूच मोठी, तूच सगळ्यांना सांभाळायचं" हे लिहू नका. पहिल्या दिवशी तर नकोच.

पिंट्या_गारगोटी
बरं सुतकाचं मागे घेतो, आमच्या आजीनं सांगितलं होतं तसं सांगितलं. पण "काही लागलं तर सांग" एवढं लिहिलं तर चालतंय न्हवं? ते तर सगळेच लिहितात.

मंडळाचा_बापू
सगळेच लिहितात म्हणूनच कुणी सांगत नाही. त्या दिवशी माणसाला काय लागतंय हे त्याला कळत असतंय होय? घरात चूल नसते, पाहुणे भरलेले, चहाला दूध किती आणायचं हे पण ठरवायचं सुचत नाही. म्हणून काम ठरवून, वेळ लावून लिहायचं. "गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मी वीस माणसांची पिठलं-भाकरी घेऊन येतोय, भांडी पण माझीच" असं. नको असेल तर तो नको म्हणेल. पण विचारायचं काम त्याच्यावर टाकायचं नाही. फक्त आधी त्यांच्या भावकीतल्या कुणाला विचारा, त्या दिवशीचं जेवण पाहुण्यांकडनं ठरलेलं असतंय बऱ्याचदा, कडू जेवण म्हणतात आपल्यात, त्यात आपण घुसायचं नाही.

आणि एक काम जे मित्रच चांगलं करू शकतात, दाखल्याचं. आबा हॉस्पिटलात गेले ना? मग मृत्यूची नोंद हॉस्पिटलच महापालिकेला कळवतंय.

पिंट्या_गारगोटी
स्मशानात पावती देतात की, तोच दाखला असतोय.

मंडळाचा_बापू
नाही रे बाबा. ती दहन झाल्याची नोंद. मृत्यूचा दाखला वेगळा, तो जन्म-मृत्यू नोंदणी विभागातनं. आणि जिथं माणूस गेला तिथं नोंद होते, राहतो तिथं नाही. म्हणजे घर कागलकडच्या खेड्यात असलं आणि कोल्हापुरात हॉस्पिटलात गेले तर दाखला कोल्हापूर महापालिकेचा. लोक ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत बसतात. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर सरळ होतंय, त्याच्या पुढं लेट फी, अजून उशीर झाला तर वरची परवानगी वगैरे वाढत जातंय.

पण खरी गोम नावात आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर त्या रात्री कुणीतरी घाईत नाव लिहिलेलं असतंय, घरात म्हणतात ते, किंवा आडनावाचं स्पेलिंग भलतंच. पुढं बँक, एलआयसी, पेन्शन, सातबारा सगळीकडं तेच नाव आधारशी जुळवून बघतात. एकदा दाखल्यावर चुकलं की दुरुस्तीसाठी कागद जमवत बसा. तेव्हा तुमच्यातल्या जो कोल्हापुरातच आहे त्यानं अभ्याच्या घरनं आबांच्या आधारची झेरॉक्स घेऊन उद्या हॉस्पिटलात जायचं आणि फॉर्म पुढं जायच्या आधी नाव, वडलांचं नाव, पत्ता तपासून यायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. अभ्याला शंभर श्रद्धांजल्यांपेक्षा याचा उपयोग. नंतर दाखल्याच्या प्रती सहा-सात तरी काढून ठेवायच्या, जो तो ओरिजिनल मागतोय.

नझीर_रंकाळा
बापूभाऊ बरोबर बोलले. मी आपलं सांगतो. अब्बा गेले तेव्हा आमचा पण असाच ग्रुप होता, सगळे हिंदू दोस्त, मी एकटा मुसलमान. सकाळी गेले आणि दुपारच्या नमाजनंतर दफन, आमच्यात थांबवत नाहीत. एकानं विचारलं रक्षा कधी आहे. त्याचं वाईट वाटलं नाही, उलट तेवढ्यात पण थोडं हसू आलं. कुणी ओम शांती लिहिलं, कुणी पैगंबरवासी, सगळं चाललं. पण दुसऱ्या एकानं काय केलं, माझ्या चुलतभावाला फोन करून विचारलं की आम्ही आलो तर कुठं उभं राहायचं, डोक्यावर काय घ्यायचं, माती देता येते का. आणि सगळे रुमाल बांधून कब्रस्तानात आले. तीन-तीन मुठी माती दिली सगळ्यांनी. ग्रुपवर त्यानं नंतर एवढंच लिहिलं, "चाचांना पोचवून आलो, सगळं नीट झालं". ते वाचून मला बरं वाटलं, कारण माझं तिथं कशातच लक्ष नव्हतं.

म्हणून म्हणतो, आधी रीत विचारा. लिंगायत मित्र असेल तर तिथं पण दहन नसतं, बसवून माती देतात. जैन असेल तर त्यांचं वेगळं. सगळ्यांना "रक्षाविसर्जनाला येतो" लिहून चालत नाही.

उद्यमनगरी
सगळ्यांचे आभार. दुसरा ग्रुप काढला, सुप्रभातवाल्यालाच ॲडमिन केला, बिचारा दिवसभर वाईट वाटून घेत होता, त्याला काम मिळालं. आधारचं काम राजारामपुरीतल्या एकानं घेतलंय. आता हे बघा, नवीन लिहिलंय:

"अभ्या, आबांनी आम्हाला वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा मायक्रोमीटर हातात दिला तेव्हा मी तो घट्ट आवळला होता, आबा म्हणाले पिळू नको, रॅचेट फिरव, टक टक झालं की थांब. आज पण कंपनीत नवीन पोरगं आलं की मी तेच वाक्य बोलतो. तुझ्यावर आलेलं दुःख खूप मोठं आहे आणि ते शब्दात सांगता येत नाही. आबा एक महान व्यक्तिमत्त्व होते. काळजी घे, आईंना सांभाळ, आता घराची जबाबदारी तुझ्यावर आहे. मी शुक्रवारी रक्षेला येतोय, काही लागलं तर सांग, फोन कर."

सीमा_इचलकरंजी
पहिली दोन वाक्यं वाचून माझ्याच अंगावर काटा आला. तिथंच आहे सगळं. "महान व्यक्तिमत्त्व" काढून टाका, रॅचेट सांगितल्यावर ते लागतच नाही. जबाबदारीचं पण काढा, वर बोलले मी.

आईंना सांभाळ म्हणण्यापेक्षा आईंसाठी काहीतरी तुम्ही करा ना. सगळे मुलाला मेसेज करतात, त्या बाईचा जोडीदार गेलाय आणि तिला कुणी काही लिहीत नाही कारण ती ग्रुपवर नाही. ग्रुपमधल्या कुणाची बायको, बहीण जाऊन बसू दे त्यांच्याजवळ. आणि बोलू का नको कळत नाही पण बोलते, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे त्यांच्याकडं करणार असतील आणि काकूंना नको असेल, तर शेजारी एक ठाम बाई असलेली बरी. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून हे बंद केलंय, त्याच महिन्यात सरकारनं पण बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. गाव करू शकतं तर एक घर का नाही.

मंडळाचा_बापू
ताई मुद्दा पटतो पण बाहेरच्यानं त्या दिवशी जाऊन सांगायचं म्हणजे अवघड आहे. भावकी बसलेली असते. अभ्याच्या बहिणीला आधी गुपचूप विचारावं, घरातनं कुणी बोललं तर बाहेरच्यानं मागं उभं राहावं.

सीमा_इचलकरंजी
आधी विचारावं हे मान्य. गुपचूपच का, ते नाही मान्य.

मंडळाचा_बापू
असो. मेसेजचं शेवटचं वाक्य सुधार. किती वाजता येतोय, कुठं थांबणार, परत कधी जाणार ते लिही. रात्री निघणार असशील तर सातारा ते कोल्हापूर रस्त्याची कामं चालू असतात, वेळ धरून निघ. रक्षेला नऊ म्हणजे नऊला असतंय, शेणी विझून थंड झालेल्या असतात, पाणी मारून रक्षा गोळा करतात, पंधरा-वीस मिनिटात आवरतंय. उशिरा आलेला माणूस नुसता कावळ्याची वाट बघणाऱ्यांत उभा राहतोय.

बरं, नैवेद्याला त्यांना आवडणारं काय ठेवतात ते विचारून घे. घरच्यांच्या लक्षात पुरणपोळी, भात असतंय. वर्कशॉपमधला माणूस दुपारी काय खायचा हे तुम्हाला माहीत असणार.

उद्यमनगरी
कटवडा. उद्यमनगरातल्या गाड्यावरचा, आणि अर्धा कप चहा, अर्धाच, दुसरा अर्धा माझ्या कपात ओतायचे. घरी माहीत नसणार, डॉक्टरनं तेलकट बंद केलं होतं.

सीमा_इचलकरंजी
हे मेसेजमध्ये नको. प्रत्यक्ष सांगा त्याला.

पेठेतला_गडी
एवढं सगळं बोलताय पण चौकात डिजिटल लावायचा का नाही ते सांगा. आबांचा फोटो, खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं. आमच्या पेठेत लावला नाही तर लोक विचारतात मित्र हाईत का नाहीत. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

नझीर_रंकाळा
भाऊ, त्यात आबांचा फोटो केवढा आणि तुमच्या चौदा जणांचे फोटो केवढे ते आधी सांगा.

पेठेतला_गडी
फोटो नाही, नुसती नावं म्हटलं की.

मंडळाचा_बापू
घरच्यांना विचारून लावा, परवानगी काढून लावा, आणि तेराव्याच्या आत उतरवा. महिना-महिना फाटून लोंबत असतंय, पोरगं रोज त्याखालनं कामाला जातंय. माझं विचाराल तर तेच पैसे शेणीला द्या. पंचगंगेवर महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, शेणी-लाकूड फुकट, आणि त्यातल्या कितीतरी शेणी लोकांनी दान दिलेल्या असतात. होळी लहान करून शेणी द्यायची चळवळ आपल्याकडं आहेच. आबांच्या नावानं ट्रॉलीभर दिल्या तर पुढच्या कुणाच्यातरी उपयोगाला येतील. ग्रुपवर त्याचा फोटो टाकायची गरज नाही.

पेठेतला_गडी
शेणी दिलेल्या कुणाला दिसणार बापू. डिजिटल अभ्याच्या आईला दिसतोय, तिला बरं वाटतंय की एवढी पोरं आहेत म्हणून. माझ्या आईला वाटलं होतं.

मंडळाचा_बापू
हे खरं आहे तुझं. मग घरच्यांनाच विचारा.

उद्यमनगरी
पाठवला शेवटी, ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. ग्रुपवर तो आत्ता बघणारच नाही असं वाटलं. हा असा:

"अभ्या, आबांनी पहिल्यांदा मायक्रोमीटर हातात दिला तेव्हा मी तो आवळला होता. म्हणाले, पिळू नको, रॅचेट फिरव, टक टक झालं की थांब. आज पण नवीन पोराला मी हेच सांगतो आणि आबांचं नाव सांगतो. शुक्रवारी पहाटे पोचतोय, संज्याकडं उतरतोय, रविवार संध्याकाळपर्यंत तिथंच आहे. हॉस्पिटलातलं आणि दाखल्याचं काम आमच्यातला एकजण बघतोय, तू त्यात पडू नको. उत्तर देऊ नको, नुसतं वाच."

सीमा_इचलकरंजी
छान. आणि एक, कॅलेंडरला महिन्यानंतरची तारीख लावून ठेवा, तेव्हा परत एक मेसेज करा. तेराव्यानंतर सगळे एकदम गायब होतात.

पिंट्या_गारगोटी
आणि गणपतीच्या शुभेच्छा ग्रुपवर टाकायच्या का नाहीत मग? त्यांच्यात वर्षभर सण नसणार.

नझीर_रंकाळा
टाका की. त्याला वेगळा काढून बसवलं तर जास्त वाईट.

सीमा_इचलकरंजी
मला पहिल्या दिवाळीला नको झालं होतं सगळं. ग्रुप म्यूट केला होता महिनाभर. माणसा-माणसावर आहे.

डी_के_सर
पेपरला मजकूर कोण देत आहे ते कळले नाही. उद्याच्या अंकात यायला हवा असेल तर आज संध्याकाळच्या आत द्यावा लागतो, आणि वय आधार कार्डाप्रमाणेच लिहावे.